पारशी मुलीचा वाटा : 1837 ते 1991

मृत्युपत्र न करता वारलेल्या पारशी माणसाची मिळकत आज भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधल्या पारशांसाठीच्या स्वतंत्र प्रकरणाप्रमाणे, म्हणजे कलम 50 ते 56 प्रमाणे वाटली जाते. वाटणीचे सूत्र सोपे आहे. विधवेला एक वाटा, प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला तेवढाच वाटा, आणि आईवडील हयात असतील तर त्यांतल्या प्रत्येकाला मुलाच्या वाट्याच्या निम्मा. पण हे सूत्र इथवर सरळ चालत आलेले नाही. ते कुठे वळले हे समजून घ्यायचे तर मुलीच्या वाट्यावर नजर ठेवावी.

सुरुवात इंग्रजी कायद्यापासून होते. मुंबई शहरातले हिंदू आणि मुसलमान यांच्या वारसाचे वाद त्यांच्या त्यांच्या कायद्याने सुटत. पारशांना न्यायालयाने मान्य केलेला असा लिखित कायदा नव्हता, म्हणून त्यांच्यावर इंग्रजी कायदा आला. इंग्रजी कायद्यात जमीनजुमला थोरल्या मुलाकडे जाई. 1835 च्या सुमारास एका थोरल्या पारशी मुलाने याच आधारावर वडिलांच्या सगळ्या स्थावर मिळकतीवर हक्क सांगितला, आणि समाजात खळबळ उडाली. पारशी कुटुंबांत थोरलेपणाचा असा हक्क कधीच नव्हता. त्यांनी सरकारकडे अर्ज केला आणि 1837 चा नववा कायदा झाला. त्याने युक्ती अशी केली, की पारशांची स्थावर मिळकत वारसापुरती जंगम मानायची. जंगम मिळकतीला इंग्रजी वाटणीचा नियम लागे. विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या अपत्यांना सारखे, मुलगा-मुलगी भेद न करता.

म्हणजे मुंबई शहरातल्या पारशी मुलीला 1837 पासून भावाइतका वाटा मिळू लागला. तो कुणी तिच्यासाठी मागितला नव्हता. थोरल्या भावाला अडवताना तो तिच्या पदरात पडला.

सुरत, भडोच, नवसारीकडच्या आणि एकूण मुंबईबाहेरच्या पारशांना हे पटणारे नव्हते. तिथे न्यायालये रूढी पाहून निकाल देत, आणि रूढी शेजारच्या हिंदू समाजाच्या वळणाची होती. मुलीला लग्नात द्यायचे ते दिले, मिळकत मुलांची. मुंबईतही इंग्रजी कायदा सगळ्यांना मानवत होता असे नाही. लग्न झालेल्या बाईची जंगम मिळकत तो नवऱ्याची मानी. 1855 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पारशी लॉ असोसिएशन उभी राहिली. नौरोजी फर्दुनजी या कामात पुढे होते. असोसिएशनने स्वतंत्र कायद्याचा मसुदा सरकारपुढे ठेवला. 1861 मध्ये सरकारने सर जोसेफ आर्नोल्ड या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि त्यात पारशी सभासदही होते. मुंबईकर आणि मुंबईबाहेरचे यांचे मतभेद आयोगापुढे उघडे पडले. बाहेरच्यांचा विरोध स्त्रियांना वाटा देण्यालाच होता. तोडजोड झाली ती आकड्यांत.

1865 चा एकविसावा कायदा, म्हणजे पारशी विनामृत्युपत्र उत्तराधिकार कायदा, असा : वडील वारले आणि मागे विधवा व अपत्ये असली, तर मुलाचा वाटा विधवेच्या दुप्पट आणि विधवेचा मुलीच्या दुप्पट. चार, दोन, एक. विधवा नसेल तरी मुलाला मुलीच्या चौपट. गंमत अशी की आई वारली तर तिच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी सारखेच, आणि वडिलांना त्यांच्या दुप्पट. बाईच्या पैशात समानता, पुरुषाच्या पैशात चौपटीचा फरक. मुंबईबाहेरच्यांना खरी काळजी कोणत्या मिळकतीची होती हे यावरून कळते.

हा कायदा पुढे 1925 च्या एकत्रित अधिनियमात गेला. 1939 च्या सतराव्या कायद्याने त्यात दोन बदल झाले. विधवेचा वाटा मुलाइतका झाला, आणि मुलीचा त्या दोघांच्या निम्मा. शिवाय अपत्ये असतानाही आईवडिलांना प्रथमच वाटा मिळाला. वडिलांना मुलाच्या निम्मा, आईला मुलीच्या निम्मा. म्हणजे आजोबांना नातीइतके मिळाले, तर आजीला नातीच्या निम्मेच. 1991 च्या एक्कावन्नाव्या कायद्याने स्त्री-पुरुष हा भेदच काढला आणि आजचे सूत्र आले. आता वारणारी व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, नियम एकच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. कर्ज आणि खर्च वजा जाता 72,800 रुपये मागे ठेवून एक पारशी गृहस्थ वारले. मागे विधवा, एक मुलगा, एक मुलगी, आणि स्वतःचे आईवडील. 1837 नंतरच्या मुंबईत विधवेला आणि दोन्ही अपत्यांना प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 24,267 रुपये मिळाले असते. 1865 च्या कायद्याने मुलाला 41,600, विधवेला 20,800 आणि मुलीला 10,400. या दोन्ही वाटण्यांत आईवडिलांना काही नाही. 1939 नंतर मुलगा आणि विधवा प्रत्येकी 22,400, मुलगी 11,200, वडील 11,200 आणि आई 5,600. आज विधवा, मुलगा आणि मुलगी प्रत्येकी 18,200, आणि आईवडील प्रत्येकी 9,100.

स्वतःचा कायदा मिळवण्याच्या धडपडीत मुंबईतल्या मुलीचा वाटा निम्म्याहून खाली आला, हे या आकड्यांतून नजरेआड करता येत नाही. भावाची बरोबरी परत यायला सव्वाशे वर्षे लागली. या घरात तिची रक्कम आजही 1837 इतकी नाही, पण ती कपात भावामुळे नाही. आजी-आजोबा वाटणीत आले म्हणून तिला, भावाला आणि आईला सारखीच झळ बसते.

प्रत्यक्षात गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. याच अधिनियमातल्या दुसऱ्या प्रकरणात, जे ख्रिस्ती कुटुंबांना लागते, विधवेला एक तृतीयांश आहे. तो आकडा पाहून पारशी विधवेचा हिशेब मांडला की चुकतो. वरच्या घरात तिचा वाटा चतुर्थांश आहे, आणि अपत्ये वाढली की तो घटतो. दुसरी चूक आईवडिलांना विसरण्याची. वृद्ध आई हयात असताना नुसते विधवा आणि मुलांच्या नावे कागद केले, तर तो वाटा नंतर तिच्या इतर वारसांकडून मागितला जाऊ शकतो.

अपत्य वा नातवंड कुणीच नसेल तर हिशेब वेगळा. कलम 54 प्रमाणे निम्मी मिळकत विधवेची, उरलेली निम्मी अनुसूचीतल्या पहिल्या पायरीवरच्या नातेवाइकांची, म्हणजे आईवडिलांची. दोघे असतील तर प्रत्येकी चतुर्थांश. याच घरात आधी वारलेल्या मुलाची विधवा असेल, तर दोन्ही विधवांना एकेक तृतीयांश जातो आणि आईवडिलांसाठी तृतीयांशच उरतो. मात्र सुनेने सासऱ्याच्या हयातीतच दुसरे लग्न केले असेल, तर कलम 50 प्रमाणे तिला काही मिळत नाही, आणि हिशेब पुन्हा निम्म्या-निम्म्यावर येतो.