आयर्नचं बद्धकोष्ठ वेगळं, ट्रामाडोलचं वेगळं

नवी औषधं सुरू झाल्यापासून पोट साफ होत नाही असं कुणी म्हटलं, की समोरून ठरलेलं उत्तर येतं: रात्री दोन चमचे इसबगोल घ्या. औषध कोणतं हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे इतकी वर्षं काढल्यावर मला या दोन चमच्यांचा खरोखर वैताग आला आहे. इसबगोल वाईट म्हणून नव्हे. एका बद्धकोष्ठात ते चांगलं चालतं आणि दुसऱ्यात गोची वाढवतं, म्हणून.

आयर्नच्या गोळीचं बहुतेकांना माहीत असतं. २०० मिग्रॅ फेरस सल्फेटच्या गोळीत साधारण ६५ मिग्रॅ लोह असतं, त्यातलं थोडंच अंगी लागतं आणि उरलेलं आतड्यातून खाली जातं. मल काळपट आणि घट्ट होतो. मात्रा कमी केली की हा त्रास काही जणांचा कमी होतो. हल्ली बरेच डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात. एक गोळी घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर लोहाचं दार अर्धवट लावून घेतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं आणि जास्त खाली उतरतं. रंगाला मात्र उगीच घाबरू नका. काळा पण बांधलेला मल हा लोहाचा. डांबरासारखा चिकट, चकाकणारा आणि उग्र वासाचा असेल तर ते रक्त असू शकतं, आणि सोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खरी गल्लत होते ती ‘पेनकिलर’ या शब्दापाशी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, ट्रामाडोल आणि कोडीन सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात. पहिल्या दोघांनी पोट अडणं ही क्वचितची गोष्ट. पुढची दोन अफूवर्गीय आहेत, आणि त्यांचं बद्धकोष्ठ ही वेगळीच जात आहे. त्यात एक लबाडी अशी की ट्रामाडोल बऱ्याचदा पॅरासिटामॉलच्या आडोशाने येतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात ‘ट्रामाडोल ३७.५ मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ’ असं लिहिलेलं असतं आणि घरचे सांगतात, “साधी पॅरासिटामॉलच चालू आहे.”

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा तेच उठवतं. अफूवर्गीय औषधं मेंदूत वेदना दाबतात तशीच या जाळ्यावर बसून लाटा मंद करतात. आतडं आकुंचन पावतं, पण जागच्या जागी, पुढे ढकलत नाही. आतल्या रसांचं पाझरणं कमी होतं, मल जास्त वेळ रेंगाळतो आणि त्यातलं पाणी शोषलं जात राहतं. शेवटी गुदद्वाराचा स्नायूही नीट सैल पडत नाही. पुरावा हवा असेल तर जुलाब थांबवायला देतात त्या लोपेरामाइडकडे बघा. तेही अफूवर्गीयच आहे. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून वेदना तशीच राहते आणि फक्त आतडं थंडावतं. म्हणजे ट्रामाडोल घेणारा माणूस दुखण्यावरच्या औषधासोबत जुलाब थांबवायचं औषधही घेत असतो, दिवसातून तीनदा.

आता इसबगोल. ते पाणी पिऊन फुगतं, आतड्याची भिंत ताणतं, आणि त्या ताणाने लाट उठते. आयर्नवाल्याची लाट शाबूत असते, म्हणून भरपूर पाण्यासोबत घेतलं तर त्याला बरं वाटतं. ट्रामाडोलवाल्याची लाटच निजलेली. फुगलेला गोळा तिथेच बसून राहतो, पाणी कमी पडलं तर घट्टही होतो, आणि पोट तट्ट होतं.

माझ्या मावशीचं हेच झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला वर लिहिलेली जोडगोळी दिवसातून तीनदा, रक्त कमी म्हणून आयर्न रोज एक, आणि जळजळीसाठी अँटासिड. पाचव्या दिवशी फोन आला: “अगं, आयर्नने अडलंय बघ. इसबगोल दुप्पट केलं तरी काही नाही.” मी विचारलं, “मावशी, कळ येते आणि होत नाही, की कळच येत नाही?” ती म्हणाली, “कळच नाही गं. पोटात दगड ठेवल्यासारखं वाटतंय.” हा प्रश्न अचूक चाचणी नव्हे, पण कळ येऊन मल कडक असेल तर माझा संशय आधी आयर्नवर जातो, आणि कळच हरवली असेल तर अफूवर्गीयावर. तिला उलटी नव्हती, वारा सरत होता. तो बंद असता आणि पोट फुगून उलट्या असत्या, तर कुठलंही रेचक न देता थेट दवाखाना.

तिच्या डॉक्टरांनी इसबगोल बंद केलं. खालचा खडा सुटावा म्हणून आधी ग्लिसरिनची सपोझिटरी ठेवायला सांगितली. मग रात्री सोनामुखीच्या म्हणजे सेनाच्या दोन गोळ्या. ही झोपलेली लाट उठवते आणि तिला ६ ते १२ तास लागतात, म्हणून रात्री. सकाळी १७ ग्रॅम पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पेलाभर पाण्यात, म्हणजे मलात पाणी टिकून राहतं. दिवसा नुसती पॅरासिटामॉल, ट्रामाडोलवाली गोळी फक्त रात्री. आयर्न एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट मोकळं झालं.

“शरीराला सवय होईल” हे या बाबतीत खोटं आहे. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरतात, आतड्याला मात्र सवय जवळजवळ होत नाही. गोळी चालू आहे तोवर त्रास चालू. म्हणून ट्रामाडोल किंवा कोडीन काही दिवस चालणार असेल तर रेचक पहिल्याच दिवसापासून हवं, पाचव्या दिवसापासून नव्हे. चिठ्ठीत ते नसेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा. नुसतं मल मऊ करणारं डोक्युसेट हातात ठेवलं तर मी तरी समाधानी होत नाही; ढकलणारं काहीतरी लागतं.

अँटासिडचं दोन ओळींत सांगते. अ‍ॅल्युमिनियमवालं आणि कॅल्शियम कार्बोनेटचं पोट बांधतं, मॅग्नेशियमवालं ढिलं करतं, आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम एकत्र असतात ते म्हणूनच. ते आयर्नसोबत घेऊ नका, लोह शोषलं जात नाही. निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

ट्रामाडोल सुटल्यावर तीन दिवसांत मावशीची सोनामुखीही बंद झाली. आयर्न पुढे चालूच राहिलं, मल काळा आणि थोडा कडक. तेव्हा तिने पुन्हा इसबगोलचा डबा काढला, एक चमचा, वर मोठा पेलाभर पाणी. या वेळी ते चाललं.