साखरझोपेत मेंदू काय करतो?

झोपेची तपासणी करायची असेल, तर माणसाला झोपवताना तीन ठिकाणी तारा चिकटवतात: डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीवर. डोकं आणि डोळे समजू शकतात, पण हनुवटी कशासाठी? कारण झोपेचा एक टप्पा असा आहे की नुसता मेंदूचा आलेख पाहिला तर हा माणूस जवळपास जागा आहे असं वाटावं. बुबुळं बंद पापण्यांआड सैरावैरा धावत असतात. हनुवटीच्या स्नायूची रेघ मात्र सपाट झालेली असते. मेंदू जोरात चाललेला आणि शरीर लुळं, अशी ही अवस्था. तिला आरईएम, म्हणजे ‘रॅपिड आय मूव्हमेंट’ झोप म्हणतात.

ती सापडली तीही अशाच तारांमुळे. १९५१ च्या डिसेंबरमध्ये शिकागो विद्यापीठातला युजीन अ‍ॅसरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी एका जुनाट यंत्राला आपल्या आठ वर्षांच्या मुलाला जोडून बसला होता. मुलगा गाढ झोपलेला असताना डोळ्यांच्या रेघा एकाएकी नाचायला लागल्या. त्याला आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं. तपासून झालं, इतरांवर प्रयोग झाले, आणि १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांनी हा शोध प्रसिद्ध केला. तोवर झोप म्हणजे मेंदूचा सलग विसावा, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

एका रात्रीचा नकाशा साधारण असा असतो. अकराला डोळा लागला की काही मिनिटं पेंग, मग हलकी झोप. या हलक्या झोपेतच आपली जवळपास निम्मी रात्र जाते. त्यानंतर गाढ झोप, तिच्यात मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात. या वेळी कुणी हलवून उठवलं तर आपण कुठे आहोत हेही पटकन कळत नाही. सुमारे दीड तासाने पहिली आरईएम येते, तीही जेमतेम काही मिनिटांची. असे चार-पाच फेरे होतात, पण ते एकसारखे नसतात. गाढ झोप बहुतेक पहिल्या अर्ध्या रात्रीतच उरकते, आणि आरईएमचा प्रत्येक हप्ता वाढत जाऊन पहाटे अर्ध्या तासापर्यंत पोचतो. साडेसहाला उठणाऱ्याने साडेचारचा गजर लावला तर झोप दोनच तासांनी कमी होते, पण त्या दोन तासांत आरईएमचा मोठा वाटा असतो. साखरझोप मोडणं महाग पडतं ते यामुळे. (मनगटी घड्याळ सकाळी आरईएमचे आकडे दाखवतं खरं, पण त्याला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. हालचाल आणि नाडी यांवरून बांधलेला तो अंदाज असतो.)

या टप्प्यात मेंदूत एक वेगळीच गोष्ट घडते. धोका, ताण, दचकणं अशा वेळी मेंदूला सावध करणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन मेंदूच्या देठातल्या एका छोट्या केंद्रातून येतं. आरईएममध्ये हे केंद्र जवळपास गप्प बसतं. त्याच वेळी भावनांशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग मात्र चांगलाच कार्यरत असतो. यातून काही संशोधकांनी एक कल्पना मांडली: दिवसभरातले झोंबणारे प्रसंग इथे पुन्हा वर येतात, पण ताणाचं रसायन नसल्यामुळे आठवण टिकते आणि तिची धार बोथट होते.

कल्पना आकर्षक आहे, म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला त्यासाठी विशेष आवडतो, कारण त्यात भयानक चित्रं दाखवण्याऐवजी अस्सल लाज वापरली होती. लोकांना कॅराओके गायला लावलं, पण कानांवर हेडफोन होते, त्यामुळे स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता आणि सूर सापडत नव्हता. मग एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना त्यांचंच बेसूर गाणं ऐकवलं. अमिग्डाला चांगलाच चाळवला. रात्री तारा लावून झोप मोजली आणि सकाळी तेच गाणं पुन्हा ऐकवलं.

ज्यांची आरईएम झोप सलग आणि भरपूर झाली होती, त्यांचा अमिग्डाला सकाळी शांत झालेला दिसला. आरईएम मध्ये मध्ये तुटत राहिलेल्यांमध्ये हा उतार अडखळला. पुढचा भाग अधिक बोलका आहे. गाणं ऐकताना दिलेला वास काहींना झोपेतही दिला, म्हणजे ती आठवण मुद्दाम चाळवली. त्यामुळे चांगल्या आरईएमचा फायदा वाढला आणि तुटक आरईएमचा तोटाही वाढला. म्हणजे आठवण नुसती वर येऊन भागत नाही. ती वर आल्यावर झोप शांत राहावी लागते.

तरीही इथे आरईएम कुणी बदललेली नव्हती, फक्त मोजली होती. शिवाय चित्रं दाखवून केलेल्या इतर काही प्रयोगांत उलटंही आढळलं आहे: आरईएमनंतर भावनेची तीव्रता कमी न होता तशीच टिकली. हा वाद मिटलेला नाही.

स्मृतीच्या बाबतीत प्राण्यांवर जास्त थेट प्रयोग करता आला. २०१६ मध्ये माँट्रिऑलच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या ठरावीक पेशींमध्ये प्रकाशाला दाद देणारं प्रथिन बसवलं. उंदीर आरईएममध्ये गेला की बारीक तंतूतून प्रकाश सोडायचा. त्याने त्या पेशी गप्प होत आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातली थीटा नावाची लय मंदावे, पण उंदीर जागा होत नसे. त्या झोपेआधी त्याला दोन वस्तू दाखवलेल्या असत. दुसऱ्या दिवशी एक वस्तू हलवून ठेवली, की निरोगी उंदीर तिलाच जास्त हुंगतो. या उंदरांना फरक जाणवला नाही. तितकाच वेळ झोपेच्या इतर टप्प्यांत किंवा जागेपणी प्रकाश दिला तर स्मृतीला धक्का लागला नाही. नेमकी आरईएममधलीच लय लागते, असं म्हणायला हा भक्कम पुरावा आहे.

पण उंदरावरून माणसावर उडी मारण्याआधी थांबावं लागतं. नैराश्यावरच्या काही औषधांनी आरईएम झोप महिनोन्‌महिने जवळपास नाहीशी होते, आणि ती घेणाऱ्यांची स्मरणशक्ती कोसळलेली दिसत नाही. इस्रायलमधल्या एका माणसाच्या मेंदूच्या देठात बॉम्बचा तुकडा घुसून त्याची आरईएम जवळजवळ संपली होती. १९८४ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तो पुढे कायद्याचं शिक्षण पुरं करून वकील झाला. म्हणून ‘आरईएम नाही तर आठवण नाही’ हे माणसाच्या बाबतीत खरं नाही. काही प्रकारच्या स्मृतींना तिचा हातभार लागतो, आणि बरंचसं काम गाढ झोप करते, इतपत म्हणता येतं.

भावनांच्या बाजूची खरी कसोटी लागली ती दवाखान्यात. युद्धातून परतलेल्या सैनिकांना तेच ते दुःस्वप्न छळतं. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा परिणाम कमी केला तर स्वप्न निवळेल, या विचाराने त्यांना प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध देऊन पाहिलं. छोट्या चाचण्यांत चांगला गुण आला. मग अमेरिकेत ३०४ माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचा निकाल आला: दुःस्वप्नांच्या बाबतीत औषध आणि खोटी गोळी यांत फरक नव्हता. चाचणीत तब्येत बऱ्यापैकी स्थिर असलेलेच रुग्ण निवडले गेले, त्यामुळे ज्यांना गुण आला असता ते कदाचित बाहेरच राहिले, असं एक स्पष्टीकरण संशोधकांनी दिलं. काही डॉक्टर अजूनही निवडक रुग्णांना हे औषध देतात.