चिनी विनोदातील ध्वनिश्लेषाचे मराठी भाषांतर

चिनी बोलण्यात 'शिएहौयू' नावाचा दोन तुकड्यांच्या म्हणींचा प्रकार आहे. पहिला तुकडा कोड्यासारखा असतो, दुसरा त्याचा उलगडा. पुष्कळदा हा उलगडा एकाच उच्चाराच्या दोन शब्दांवर उभा असतो, आणि भाषांतरकार अडतो तो तिथेच.

'कन्फ्यूशियसने बिऱ्हाड हलवलं, नुसती पुस्तकंच' ही प्रसिद्ध म्हण पाहू. पुस्तक म्हणजे 'शू' आणि हरणे म्हणजेही 'शू'. दोन्हींचा स्वर एकच, उंच आणि सपाट, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. जुगारात सतत हरणाऱ्याला ही म्हण ऐकवतात. कधी कधी पहिला तुकडाच पुरतो. लिहिताना मात्र चिनी लेखकाला एक अक्षर निवडून दुसरे कंसात द्यावे लागते.

शब्दशः मराठी केले तर ऋषीचे घरसामान उरते, हरणे गळून पडते. म्हणून आधी संवादात कोणता अर्थ काम करतो ते ठरवायचे. इथे तो हरण्याचा. मग हरण्याच्या अर्थाचा दुहेरी मराठी शब्द शोधायचा. 'हार' सहज सापडतो, पण लिंग आडवे येते: फुलांचा तो हार, पराभवाची ती हार. 'नुसती हार' म्हटले की फुलांचा अर्थ मेला. चिनीत लिंगच नसल्याने ही अडचण नाही. विशेषण टाळून 'फुलवाल्याचं बिऱ्हाड, हारच हार' असे केले की दोन्ही अर्थ शाबूत राहतात, आणि देवनागरीत कंसही लागत नाही. गेला तो कन्फ्यूशियस. शिवाय मूळची म्हण रुळलेली आहे, ही भाषांतरकाराची कोटी वाटते. पहिला तुकडा बोलून थांबण्याची सोय इथे नाही.

उलट उदाहरणही आहे. 'भाच्याने कंदील धरला, मामावर उजेड' या म्हणीत 'जाओ जिऊ' म्हणजे मामाला उजेड दाखवणे आणि 'पूर्वीसारखेच' हेही. आईचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा ही नाती मराठीत नेमकी बसतात, 'जैसे थे' मात्र मामातून काही केल्या निघत नाही. नात्यांच्या मोहात पडून भाचा ठेवणारा भाषांतरकार इथे फसतो.

पुस्तक कथेतच हजर असेल तर हारही कामाला येत नाही. माजाँगच्या डावाला कोणी काखेत पुस्तक घेऊन आला आणि खेळणारे चिडले, असा प्रसंग असेल तर फुलवाला कुठून आणणार? तिथे 'पुस्तक आणि हरणं, दोन्ही शूच' असे एखाद्या पात्राच्या तोंडी घालावे लागते. हसू जाते, राग कळतो. हाँगकाँगमध्ये हा अपशकुन इतका मुरला आहे की तिथल्या पंचांगाच्या नावातला 'पुस्तक' हा शब्द काढून त्या जागी 'विजय' या अर्थाचा शब्द घातला गेला.