‘प्रायमरी एंडपॉइंट’ आधी ठरला की नंतर? पार्श्वभूमी

प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा हा शोधनिबंधाचा साचा वैद्यकीय नियतकालिकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. त्याची एक अडचण आहे. प्रत्यक्षात संशोधन मागेपुढे, चुकतमाकत होते. निबंधात मात्र सगळे आधीच ठरले होते असे वाटते. पद्धतीचा भाग निकाल हाती आल्यावरही लिहिता येतो आणि नुसते वाचून ते कळत नाही.

याचा फटका ‘प्रायमरी एंडपॉइंट’ या शब्दाला बसला. औषध उपयोगी ठरले की नाही, हे ज्या एका मोजमापावर ठरवायचे ते हे. ते आधी ठरवायचे कारण गणिती आहे. औषध निरुपयोगी असतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; ती 0.05 च्या खाली गेली की फरक दखलपात्र मानण्याची प्रथा आहे. निरुपयोगी औषधाची वीस स्वतंत्र मोजमापांवर परीक्षा घेतली, तर निदान एकात पी-व्हॅल्यू योगायोगाने 0.05 च्या खाली जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. तेच मोजमाप मग ‘मुख्य’ म्हणून पुढे करता येते.

2001 साली प्रसिद्ध झालेली, नैराश्याच्या 275 किशोरवयीन रुग्णांवरची चाचणी याचे ठळक उदाहरण आहे. मूळ आराखड्यातल्या आठही मोजमापांवर औषध आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, यांत सांख्यिकीदृष्ट्या फरक दिसला नव्हता. निबंधात मात्र आराखड्यात नसलेली काही मोजमापे आली आणि औषध परिणामकारक असल्याचा निष्कर्ष निघाला. 2015 मध्ये मूळ माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही आणि धोके अधिक दिसले. मुले ते औषध घेत होती, म्हणून ही नुसती तांत्रिक चूक मानता येत नाही.

2005 पासून प्रमुख नियतकालिकांनी अट घातली: पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची सार्वजनिक नोंदणी हवी, नाहीतर निबंध छापणार नाही. आपले बेत स्पर्धकांना कळतील, असा कंपन्यांचा आक्षेप होता. रुग्ण जोखीम पत्करतात, त्यापुढे तो मला तोकडा वाटतो. अमेरिकेत अशी नोंदणी त्याआधीच, 2000 च्या सुमारास सुरू झाली होती. तिथल्या सरकारी पैशातून झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्यांपैकी 2000 पूर्वीच्या 30 पैकी 17 चाचण्यांत मुख्य मोजमापावर लाभ दिसला होता, नंतरच्या 25 पैकी फक्त दोनांत. इतर कारणेही असतील, पण आधी जाहीर करण्याचे बंधन हे त्यांतले महत्त्वाचे मानले जाते.

तरीही अदलाबदल थांबली नाही. पुढे पाच नामांकित नियतकालिकांतल्या 67 चाचण्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा फक्त नऊ निर्दोष निघाल्या. म्हणून आज पद्धती वाचताना नोंदणी क्रमांक शोधून नोंदीतल्या बदलांचा इतिहास उघडतात. मुख्य मोजमाप कधी बदलले आणि शेवटच्या रुग्णाची पाहणी कधी संपली, या दोन तारखा शेजारी ठेवतात. बदल पाहणीनंतरचा असेल आणि निबंधात त्याचे कारण नसेल, तर त्या मोजमापावरचा निष्कर्ष फार तर पुढच्या चाचणीसाठी एक अंदाज ठरतो.