घडीपुस्तिका (उजळणीची)

एका बाजूने छापलेला कागद घड्या व एक चीर देऊन बनवलेली आठ पृष्ठांची खिशात मावणारी पुस्तिका. शिवण, पिन किंवा डिंक लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाचे विद्यार्थी एसएसएलसीच्या उजळणीसाठी अशी पुस्तिका झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊ शकतात.

उगमाबाबत दोन मते दिसतात. पहिले मत ती छापखान्यातील अष्टपत्री घडीशी जोडते. मात्र त्या घडीत कागद दोन्ही बाजूंनी छापून आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे मिळतात आणि घड्या नंतर कापाव्या लागतात. येथे मागची बाजू कोरीच राहते. तिचे चलन झेरॉक्स यंत्रांबरोबर (पहिले कार्यालयीन यंत्र १९५९) वाढले असावे, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. एका बाजूची प्रत काढणे हेच त्या यंत्राचे सोपे काम.

ए-४ कागद आडवा धरल्यास चार-चार चौकटींच्या दोन ओळी पडतात. प्रत्येक चौकट सुमारे ७४ × १०५ मिमी. खालच्या ओळीत डावीकडून २, ३, ४, ५ सुलट आणि वरच्या ओळीत १, ८, ७, ६ उलटी ठेवतात. सर्व पृष्ठांचे डोके मधल्या आडव्या घडीकडे येते. २-३, ४-५ व ६-७ या जोड्या कागदावरही सलग असल्याने तक्ता दोन पृष्ठांवर पसरवता येतो.

घटकांची वाटणी याच आधारे करावी. भौतिकशास्त्रात मुखपृष्ठानंतर २ वर परावर्तन, ३ वर अपवर्तन घेतले आणि पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने ४ वर मानवी डोळा दिला, तर विद्युतधारा ५ व ६ वर फुटते आणि सूत्र पाहायला पान उलटावे लागते. त्याऐवजी ४ वर ओहमचा नियम, ५ वर एकसर व समांतर जोडणी, ६-७ वर चुंबकीय परिणाम ठेवून डोळा ८ वर न्यावा. ९ पॉइंटच्या अक्षरात, मात्रा-वेलांट्यांना जागा सोडून, पृष्ठावर वीसेक ओळी मावतात.

सर्व घड्या पाडून कागद उघडावा, मग डावी-उजवी कड जुळवून दुमडून घडीच्या बाजूने मधल्या आडव्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंतच कापावे. चीर घडीपलीकडे गेली तर १-२ किंवा ५-६ चा माथ्याकडचा जोड सुटू लागतो. अपुरी राहिली तर कण्याजवळ कागद चुरगळतो. नंतर कागद उघडून, छपाई बाहेर ठेवून मधल्या आडव्या घडीवर दुमडावे, दोन्ही टोके आत ढकलून अधिक चिन्हासारखा आकार आला की १ वर येईल असे मिटावे.

छापताना ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडावे. ९५ टक्क्यांवर छापल्यास कडेच्या चौकटींची रेषा घडीपासून जवळजवळ ४ मिमी आत सरकते, म्हणून चौकटीत ८ मिमी समास सोडणे बरे. लीगल कागदावर तर गणितच बदलते. फाइल पीडीएफच न्यावी: दुकानातील संगणकावर कन्नड टंकलेखनाचे नुडी सॉफ्टवेअर असले, तरी मराठी फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे फुटतात.