कुऱ्हाडे की कऱ्हाडे?

कसबा पेठेतल्या एका कारागीर काकूंची मुलाखत मी संकलित केली होती. प्रसिद्ध झाली त्याच संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, आमचं आडनाव कुऱ्हाडे. तुम्ही कऱ्हाडे लिहिलंय." मी फाइल उघडली, तर नावाच्या पट्टीत उकार जागेवर होता. मग तोच व्हिडिओ फोनवर लावला आणि उकार खरंच दिसेना. दोन्ही आडनावं आपल्याकडे आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकासुद्धा आली नसती.

उकार गेला कुठे, हे मोजपट्टी घेतली तेव्हा कळलं. व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद होता आणि नावाचा फाँट ४२ पिक्सेलचा. पण ४२ ही सगळ्या ओळीची उंची. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागा त्यातूनच जाते. त्या फाँटमध्ये शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतचं अंतर भरलं जेमतेम २५ पिक्सेल.

डोळ्याला पिक्सेल कळत नाहीत, अक्षराने डोळ्याशी केलेला कोन कळतो. हा कोन मिनिटांत मोजतात, एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यात चांगल्या नजरेची जी ओळ असते, तिचं अक्षर ५ मिनिटांचं असतं. पण ते नेट लावून ओळखायचं अक्षर. सहज वाचण्यासाठी, रोमन अक्षरांवरच्या प्रयोगांनुसार, लहान अक्षराची उंची साधारण १२ मिनिटं लागते, त्याखाली वाचनाचा वेग घसरतो. आपल्या लिपीत एकाच अक्षराभोवती चारी बाजूंनी खुणा असतात, म्हणून मी त्याहून बरंच जास्त धरते.

आता तेच २५ पिक्सेल तीन ठिकाणी पाहू. माझा २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर ते अक्षर ७ मिलिमीटरचं होतं आणि ६० सेंटिमीटरवरून जवळपास ४० मिनिटांचं दिसतं. घरच्या ४३ इंची टीव्हीवर, अडीच मीटरवरून, १७ मिनिटं. आणि फोन? मेट्रोत उभं राहून माणूस फोन आडवा करत नाही. उभ्या फोनची रुंदी ६.८ सेंटिमीटर, त्यात अख्खा व्हिडिओ मावतो आणि अक्षर उरतं ०.९ मिलिमीटरचं. ३२ सेंटिमीटरवरून ते साडेनऊ मिनिटं भरतं. म्हणजे मी टेबलावर जे पाहून "छान" म्हटलं, त्याच्या पाव आकाराचं प्रेक्षकाला मिळालं.

त्यात नेट मंदावलं की व्हिडिओ ३६० पीवर उतरतो. रुंदी ६४० पिक्सेल होते, प्रत्येक माप एक-तृतीयांश. उकाराची ४ पिक्सेल जाड रेघ एका पिक्सेलच्या आसपास येते, आणि व्हिडिओ दाबताना असल्या बारीक रेघा सर्वांत आधी पुसल्या जातात. अनुस्वाराचंही तसंच, शिंदेंचे शिदे होतात.

टीव्हीइतकेच १७ मिनिटं फोनवर हवे असतील तर हिशेब उलटा करायचा. अक्षर १.६ मिलिमीटरचं हवं, म्हणजे ४५ पिक्सेल, म्हणजे फाँट साधारण ७६ चा. एवढ्या मापात "ज्येष्ठ कुंभारकाम कलावंत व प्रशिक्षिका" मावत नाही. नाव ठेवायचं, खाली "कुंभारकाम" पुरे. हुद्दा छाटायला लोकांना जड जातं, पण वाचता न येणारा हुद्दा देऊन त्या माणसाचा मान राखला जात नाही.

माप वाढवल्यावरही एक चूक उरली होती. मी वापरलेलं टेम्प्लेट इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी बनलेलं होतं. त्या अक्षरांना खाली काही लोंबत नाही, म्हणून पट्टी खालून तोकडी होती आणि उकाराचं टोक कडेला टेकत होतं. शिवाय अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर दिलेलं होतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, आपली मात्र शिरोरेषा तुटते आणि एक शब्द चार तुकड्यांत दिसतो. ते अंतर शून्यच हवं. अक्षरांना जाड काळी कड देणंही मी सोडलं, कारण ती कड ‘ऱ्ह’च्या पोटातली जागा भरून टाकते. त्याऐवजी मागे गडद सपाट पट्टी आणि वर पांढरं अक्षर. लाल-निळ्याच्या जोड्या टाळाव्यात. व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण बारकाईने साठवली जाते, रंगाची मात्र सहसा उभी-आडवी निम्म्याच बारकाईने, त्यामुळे फक्त रंगाच्या फरकावर उभं असलेलं अक्षर फिसकटतं.

तपासायला संकलक स्वतः निरुपयोगी असतो, त्याला नाव आधीच पाठ असतं. मी आता फाइल फोनवर घेते, ३६० पीवर लावते, फोन उभा धरून शेजारच्या मुलीच्या हातात देते आणि नाव मोठ्याने वाचायला सांगते. नवी पट्टी पाहून ती पहिल्या झटक्यात "कुऱ्हाडे" म्हणाली, तेव्हाच मी व्हिडिओ बदलला आणि काकूंच्या सुनेला कळवलं.