बोटाच्या पेरावर मावणारा ट्रक

गेल्या रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून काढलेला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली फाळके स्मारकाजवळचा बुद्धविहाराचा घुमट, त्यापलीकडे मुंबई-आग्रा महामार्गावरून चाललेले ट्रक, मागे पसरलेलं नाशिक. पाच मिनिटांत मावशीचा निरोप आला, "किती सुबक केलंय रे! कुठल्या प्रदर्शनात मांडलंय हे?" मावशीचा सगळा जन्म नाशकात गेला आहे. तरी खरं शहर तिला पुठ्ठ्या-प्लास्टिकचं वाटलं, कारण फोटोची वरची आणि खालची पट्टी मी धूसर केली होती आणि रंग चढवले होते.

"रंग खेळण्यासारखे झाले म्हणून तसं वाटतं," असं बरेच जण सांगतात. रंगांचा हातभार आहेच, पण खरी किमया धूसरपणाची. ती समजायला दिवाळीतला किल्ला आठवा. उकिडवं बसून बुरुजावरच्या मावळ्याकडे टक लावून पाहिलं, की मागची तुळशीवृंदावनाची भिंत जराशी अस्पष्ट होते. आपलं तिकडे लक्ष नसतं, मेंदूचं मात्र असतं.

भिंत अस्पष्ट का होते? डोळ्याची बाहुली म्हणजे टाचणीचं छिद्र नव्हे. उजेडात तिची रुंदी तीनेक मिलिमीटर असते. बाहुलीच्या डाव्या काठातून पाहिलं तर मावळ्याचं डोकं भिंतीवरच्या एका जागी टेकलेलं दिसेल, उजव्या काठातून पाहिलं तर किंचित सरकलेल्या दुसऱ्या जागी. एक डोळा मिटून मग दुसरा मिटला की समोरचं बोट जसं सरकतं, तोच प्रकार इथे एकाच बाहुलीच्या आत घडतो. डोळ्याचं भिंग मावळ्याची सगळी चित्रं एकमेकांवर नेमकी बसवतं, त्यामुळे भिंतीची चित्रं एकमेकांपासून सरकलेली राहतात. सरकलेल्या चित्रांचा हा ढीग म्हणजेच धूसरपणा. त्याचा कोन काढायचं सूत्र छोटं आहे:

```
b = A × (1/s − 1/d)
```

इथे A ही बाहुलीची रुंदी, s हे नजर रोखलेल्या वस्तूचं अंतर आणि d हे मागच्या वस्तूचं. मावळा ६० सेंटिमीटरवर आणि भिंत १२० सेंटिमीटरवर धरली, तर b येतो ०.००२५ रेडियन, म्हणजे एका अंशाचा साधारण सातवा भाग. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. हा धूसरपणा त्याच्या आठपटीहून जास्त आहे, म्हणजे सहज जाणवणारा.

आता पांडवलेणीवर या. हिशेब सोपा व्हावा म्हणून ट्रक ६०० मीटरवर आणि मागची वस्ती ३००० मीटरवर आहे असं धरू. त्याच बाहुलीनं b येतो ०.०००००४ रेडियन, किल्ल्यापेक्षा सहाशे पटींनी कमी. डोळ्याला तो कळणारच नाही. म्हणून डोंगरावरून शहर पाहताना जवळचं आणि लांबचं सगळंच सारखं स्पष्ट दिसतं. मेंदूनं जन्मभराच्या अनुभवातून यावरून एक गाठ बांधून ठेवली आहे: पुढचं-मागचं धूसर असेल तर वस्तू हाताशी आहे.

याच गाठीवर मी बोट ठेवलं. माझा फोटो ४००० पिक्सेल रुंद होता आणि त्यात सुमारे ५७ अंशांचा, म्हणजे एक रेडियनचा देखावा मावला होता. वरच्या पट्टीत प्रत्येक ठिपका ४० पिक्सेलपर्यंत पसरवला, म्हणजे धूसरपणा झाला ०.०१ रेडियन. मघाचंच सूत्र उलटं फिरवून विचारू, की खऱ्या नाशिककडे पाहताना एवढा धूसरपणा यायला बाहुली केवढी लागेल? उत्तर येतं साडेसात मीटर! दुमजली घराएवढी बाहुली कुणाला नसते. आपली बाहुली तीन मिलिमीटरची, म्हणजे २५०० पटींनी लहान. मग हा फोटो खरा ठरायला एकच वाट उरते: समोरचं जगच २५०० पटींनी लहान असलं पाहिजे. ६०० मीटरवरचा महामार्ग २४ सेंटिमीटरवर येतो, जेमतेम एक वीत. १२ मीटर लांबीचा ट्रक पाच मिलिमीटरचा होतो.

मेंदू अर्थात असे आकडे मांडत नाही, आणि तो एकट्या धूसरपणावर विसंबतही नाही. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याच परिणामावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. धूसरपणा देखाव्यातल्या अंतराच्या दिशेनं वाढत गेला तर लोकांना देखावा जवळचा वाटतो, आडव्या दिशेनं वाढवला तर तो परिणाम फारसा उरत नाही. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" एवढ्या पुराव्यावर भूत किंवा चमत्कार मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. डोळ्यानं पाहिलेलं म्हणजे मेंदूनं काढलेला अंदाज असतो आणि तो प्रामाणिक माणसाचाही चुकतो.

उंच जागा का लागते, तेही इथेच कळतं. वरून पाहिलं की जमीन फोटोत पसरते आणि फोटोत जितकं वर जावं तितकं अंतर वाढत जातं. त्यामुळे नुसत्या आडव्या पट्ट्या धूसर केल्या तरी अंतराशी मेळ बसतो. रस्त्यावर उभं राहून हे जमत नाही, कारण समोरचा एकच खांब खालून वरपर्यंत फोटो व्यापतो. माझा पहिला प्रयत्न असाच फसला. डाव्या कडेला पायरीजवळच्या झाडाची फांदी आली होती. ती खाली धूसर, मध्ये लख्ख आणि वर पुन्हा धूसर झाली. एकाच अंतरावरची फांदी अशी असूच शकत नाही, आणि नजर तिथेच अडकते. ती बाजू कापली तेव्हा फोटो जमला. वरचं आभाळही कापलं, कारण टेबलावरच्या मॉडेलला क्षितिज नसतं.

रंगांचं कारण हवेत आहे. लांबच्या वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशात मधल्या हवेनं आणि धुळीनं विखुरलेला पांढुरका प्रकाश मिसळतो. त्यामुळे दूरची घरं फिकट दिसतात, थंडीतल्या सकाळी तर फारच. वीतभर अंतरात एवढी हवा मावत नाही. रंग आणि कॉन्ट्रास्ट वाढवले की हा फिकेपणा जातो आणि अंतराची उरलीसुरली खूण पुसली जाते. मी स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये `Saturation` ३०च्या आसपास ठेवलं. त्यापुढे झाडं पोपटी होऊन सगळंच खोटं दिसू लागलं. `Lens Blur` मध्ये सरळ पट्टी निवडली, ती ट्रकांच्या रांगेवर बसवली आणि `Transition` वाढवून तिची कड हळूहळू विरू दिली. कड एकदम तुटली तर ती काचेवर चिकटवलेल्या कागदासारखी दिसते.

अ‍ॅपशिवाय असा फोटो थेट कॅमेऱ्यात काढायला टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कलवता येणारी लेन्स वापरतात. गंमत म्हणजे तिच्यामागचं तत्त्व धूसर करण्यासाठी नव्हतंच. ते ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लूग यांच्या नावानं ओळखलं जातं. हवाई छायाचित्रं दुरुस्त करण्याच्या खटपटीतून त्यांनी १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लेन्स योग्य बाजूला कलवली की तिरकी जमीन पुढून मागपर्यंत स्पष्ट येते. आपण ती विरुद्ध बाजूला कलवतो.

मावशीला मी एवढंच लिहिलं, की फोटोच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर दोन्ही तळहात ठेवून फक्त मधला भाग बघ. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं, "अरे, हा तर आपला हायवे!"